‘कधीतरी बोलायला हवं आपण’

रात्री सव्वादहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ येते: ‘कधीतरी बोलायला हवं आपण.’ पुढे काही नाही. पाठवणारी मैत्रीण लगेच ऑफलाइन जाते. ज्या घरात ही ओळ वाचली जाते तिथे दोघी राहतात आणि दोघीही पाठवणारीला चांगल्या ओळखतात. चार शब्दांच्या त्या ओळीवर दोन हुशार माणसं तासभर बोलतात, बराच अर्थ काढतातही, आणि तरी जे हवं असतं ते त्यांच्या हाती लागत नाही. ते का लागत नाही, याचं उत्तर त्या ओळीच्या बांधणीत आहे.

लेखापुरता एक प्रसंग रचून घेऊ. पुण्यात कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये केतकी आणि स्नेहल राहतात. केतकी बँकेत आहे, स्नेहल फिजिओथेरपिस्ट. चार महिन्यांपूर्वीपर्यंत गौरीही त्यांच्याबरोबर राहायची; नोकरी बदलली म्हणून ती नाशिकला गेली. तिघींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे, पण हा मेसेज ग्रुपवर आलेला नाही. तो केतकीला एकटीला आलाय. केतकी फोन स्नेहलपुढे धरते.

“हे बघ. काय असेल गं गौरीचं?”

“‘कधीतरी’ म्हणतेय म्हणजे घाई नाहीये. साधंच असेल काहीतरी.”

“साधं असतं तर सरळ लिहिलं नसतं का? आणि ‘हवं’ म्हणतेय बघ. ‘बोलूया’ नाही म्हणाली.”

“पण ‘आपण’ म्हणजे कोण? तू आणि ती, का आपण तिघी?”

“मला पाठवलाय म्हणजे मी आणि ती.”

“मग डिपॉझिटचं असेल. तिचा वाटा अजून दिला नाहीये आपण.”

“नवीन मुलगी आली की देऊ असं ठरलंय ना. तिला माहितीये ते.”

“मग तू तिच्या वाढदिवसाला गेली नाहीस, ते?”

केतकी जरा थांबते. “त्याला दीड महिना झाला गं.”

“तेच तर. साठलं असेल मनात.”

“आणि शेवटी पूर्णविराम दिलाय. ती कधी देते पूर्णविराम?”

ही चर्चा वरवर पाहणाऱ्याला रिकामटेकडेपणाची वाटेल. मला ती तशी वाटत नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य भाषेच्या अभ्यासकांनी गंभीरपणे तपासलेल्या एखाद्या प्रक्रियेवर बोट ठेवतं. केतकीचंच घ्या: ‘साधं असतं तर सरळ लिहिलं नसतं का?’ पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत हाच तर्क मांडला होता. बोलणारा गरजेइतकी माहिती देईल असं ऐकणारा गृहीत धरतो. ती गरजेपेक्षा कमी मिळाली तर तो बोलणाऱ्याला वेडा ठरवत नाही. माहिती कमी ठेवण्यामागे काही कारण असणार असं समजून ते शोधायला लागतो. केतकी तेच करतेय, आणि तिचा तर्क बरोबर आहे. गौरीने विषय लिहिला नाही, म्हणजे न लिहिण्याला कारण आहे.

पण हा तर्क इथपर्यंतच नेतो. कारण आहे एवढं तो सांगतो, कोणतं ते सांगत नाही. राग असू शकतो, लाज असू शकते, टाइप करायला लांबलचक असू शकतं, शेजारी कुणी बसलेलं असू शकतं. ‘आपण’चंही तसंच. ‘आम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हटलं की ऐकणारी त्यात धरलेली आहे हे मराठीत पक्कं होतं. पण आणखी कोण धरलंय हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून स्नेहलचा प्रश्न रास्त आहे आणि केतकीने तो शब्दावरून न सोडवता मेसेज कुठे आला यावरून सोडवला, हे त्याहून रास्त आहे.

मेसेज कुठे आला, ही खरी किल्ली. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी रोजच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं ऐकून, श्वास आणि अडखळणं धरून ती कागदावर उतरवून अभ्यास सुरू केला. सॅक्स यांनी सुरुवात केली ती लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या फोनवरच्या बोलण्यापासून. या अभ्यासाला संभाषण विश्लेषण म्हणतात. त्यांचा आग्रह असा की एखादं वाक्य काय काम करतंय हे त्याच्या शब्दांइतकंच, अनेकदा शब्दांहून जास्त, ते संभाषणात कुठे बसलंय यावरून ठरतं.

‘कधीतरी भेटूया’ हे वाक्य घ्या. लग्नात जुना वर्गमित्र भेटतो, पाच मिनिटं बोलणं होतं आणि निघताना तो म्हणतो, “चल, भेटू कधीतरी.” इथे कुणी कॅलेंडर उघडत नाही. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ च्या एका निबंधात दाखवलं की पुढच्या भेटीचा उल्लेख हा बोलणं संपवण्याचा एक नेहमीचा मार्ग आहे. त्या जागी ‘कधीतरी’ हा निरोप असतो. गौरीची ओळ मात्र कुठल्याही बोलण्याच्या शेवटी आलेली नाही. आधीचा मेसेज आठवड्यापूर्वीचा, कुणाच्या तरी बाळाच्या फोटोवरचा. मध्ये काही नाही आणि एकदम ही ओळ. बोलण्याच्या शेवटी आली असती तर ती निरोप ठरली असती. सुरुवातीला आली म्हणून ती पुढच्या कशाची तरी तयारी आहे. स्नेहलने ‘कधीतरी’वरून ‘घाई नाही’ असं काढलं तेव्हा ही जागा तिच्या नजरेतून सुटली.

अशा तयारीच्या वाक्यांनी आपलं बोलणं भरलेलं आहे. ‘एक विचारू का?’, ‘संध्याकाळी काय करतेयस?’, ‘तुला कळलं का?’, ‘जरा बोलायचं होतं.’ संभाषण विश्लेषणात यांना प्री-सीक्वेन्स म्हणतात, म्हणजे मुख्य बोलण्याच्या आधी येणारी छोटी जोडी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने वाट मोकळी करायची किंवा अडवायची, आणि मग पहिल्याने मुख्य गोष्ट काढायची किंवा पोटातच ठेवायची. ‘संध्याकाळी काय करतेयस?’ असं विचारणाऱ्याला तुमच्या दिनक्रमात रस नसतो. सिनेमाला चल म्हणण्याआधी नकार येईल का, याचा तो अंदाज घेत असतो. तुम्ही ‘सासूबाई येणारेत’ म्हणालात की तो सिनेमाचं नावच काढत नाही, आणि नकार द्यायची व घ्यायची वेळ दोघांवरही येत नाही. शेग्लॉफ यांनी १९८० मध्ये ‘एक प्रश्न विचारू का?’ अशा वाक्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यात त्यांना दिसलं की या वाक्यानंतर बहुतेक वेळा लगेच प्रश्न येत नाहीच. आधी पार्श्वभूमी येते. म्हणजे ते वाक्य मुख्य गोष्टीच्याही आधीच्या गोष्टीसाठी जागा मागत असतं.

गौरीची ओळ या जातीची आहे. ती दारावरची टकटक आहे, आणि टकटकीत निरोप नसतो. केतकी आणि स्नेहल ज्या आशयासाठी ओळ पिळून काढताहेत तो तिथे लपवलेला नाही; तो पुढच्या पाळीसाठी राखून ठेवलाय, आणि ती पाळी केतकीने ‘बोल ना’ म्हटल्याशिवाय येणार नाही. गौरीने कमी लिहिलं असं केतकीला वाटतं. या रचनेत पाहिलं तर गौरीने तिच्या पाळीचं पुरतं लिहिलंय. पुढची पाळी केतकीची आहे, आणि ती केतकी घेत नाहीये.

समोरासमोर असतं तर ही अडचण उद्भवलीच नसती. २००९ मध्ये तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली. प्रश्न संपण्यापासून उत्तर सुरू होण्यापर्यंतचं सरासरी अंतर सगळ्या भाषांत मिळून सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाएवढं निघालं. त्या दहांत भारतीय भाषा नव्हती, पण जपानी, डॅनिश, कोरियन अशा एकमेकींपासून फार दूरच्या भाषा होत्या, आणि भाषाभाषांतला फरक थोडाच होता. स्वयंपाकघरात गौरी ‘बोलायचं होतं जरा’ म्हणाली असती, तर कणीक मळता मळता केतकी ‘हं, बोल ना’ म्हणून गेली असती. तयारीची वाक्यं एवढ्या अंतरासाठी घडलेली आहेत. चॅटवर तीच वाक्यं तासभर, कधी दिवसभर उघडी पडून राहतात, आणि पापणी लवण्याइतक्या वेळेसाठी असलेल्या जागेत माणूस राहायला लागतो.

त्या तासात पलीकडेही कुणी आहे, हे विसरता कामा नये. २०१४ च्या नोव्हेंबरपासून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात. गौरी अकराला फोन उघडते, निळ्या खुणा बघते, उत्तर नाही. समोरासमोरच्या बोलण्यात उशीर झाला की बहुधा नकार किंवा नाराजी येते असं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. गौरी तोच हिशेब इथे लावणार. म्हणजे केतकी ‘ती रागावलीये का?’ या विचारात उत्तर लांबवते आणि त्या लांबण्यातून गौरीला ‘हिला बोलायचं नाहीये’ असं ऐकू येतं. राग दोघींच्याही मनात नसताना दोघींनाही समोरून तो दिसायला लागतो.

इकडे स्नेहल अंदाजांची यादी वाढवतेय. अंदाज बांधणं मुळात वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. वाईट बातमी सांगताना माणसाला शब्द उच्चारवत नाहीत तेव्हा ऐकणाऱ्याने अंदाज करणं ही मदत असते. फोनवर भाऊ म्हणतो, “ताई, आजीचं…” आणि ताई विचारते, “गेली?” तो “हो” म्हणतो. सगळ्यात जड शब्द त्याला उच्चारावा लागत नाही. अलीन टेरासाकी यांनी १९७६ मध्ये अशा बातमीआधीच्या वाक्यांचा अभ्यास केला, आणि शेग्लॉफ यांनी १९८८ मध्ये अशाच एका संभाषणाच्या आधारे दाखवलं की सांगणारा खुणा देत जातो, ऐकणारा अंदाज करतो आणि सांगणारा तो मान्य करतो किंवा सुधारतो. वाईट बातमी अशी दोघांनी मिळून सांगितली जाते. यात अंदाजाला किंमत येते ती एका गोष्टीमुळे: ज्याला माहीत आहे तो समोर असतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो.

स्नेहल तीच हत्यारं वापरतेय, पण तिच्यासमोर केतकी आहे. ‘वाढदिवसाला गेली नाहीस, ते?’ या अंदाजाला गौरी मान्यता देऊ शकत नाही, नकारही देऊ शकत नाही. मान्यता मिळते ती केतकीच्या गप्प होण्यातून. ती गप्प झाली कारण वाढदिवस तिला स्वतःला टोचत होता. गौरीला टोचत होता की नाही, याचा त्या गप्प होण्याशी काही संबंध नाही. दोघींचे अंदाज पुन्हा वाचून पाहा: डिपॉझिट आणि वाढदिवस. दोन्ही गोष्टी या घरात अडकून पडलेल्या आहेत. गौरीच्या नाशिकच्या चार महिन्यांत काय घडलं असेल, यावर एकही अंदाज नाही, कारण त्या चार महिन्यांची माहितीच यांच्याकडे नाही. अशा चर्चेत पुढे येणारी यादी बहुतेक वेळा वाचणाऱ्यांच्या मनातल्या बोचणीची असते.

आता पूर्णविराम. स्नेहल ती ओळ मोठ्याने वाचते, सहज सुरात, ‘कधीतरी बोलायला हवं आपण’, जसं एखादी चहाला बोलावताना म्हणेल. केतकी हातातून फोन घेते आणि तीच ओळ सावकाश, ‘हवं’वर थांबत वाचते. दोघींनाही आपलाच सूर ओळीत ऐकू येतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रयोगात पकडलं. काही वाक्यं उपरोधाची, काही मनापासूनची. ती एकाने ईमेलने किंवा आवाजात पाठवायची आणि दुसऱ्याने कोणती कशी ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं, आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल. आवाजात तो ७३ टक्के ओळखला गेला. ईमेलमध्ये ५६ टक्के, म्हणजे छापाकाटा करण्यापेक्षा किंचित बरा. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो, आणि तो अक्षरांबरोबर पोहोचत नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. गौरीला वाटलं असेल, किती हलकेच लिहिलंय मी.

सुराबद्दल विश्वासार्ह असं काही हाती लागायचं असेल तर एकच मार्ग आहे: त्या माणसाचे जुने मेसेज. खुणेचा अर्थ त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीपासून ती किती हलली यावरच काढता येतो. स्नेहल शेवटी तेच सुचवते.

“वर जा. बघ ती एरवी कशी लिहिते.”

केतकी वर सरकत जाते. गौरीचे जवळजवळ सगळे मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, घाईत टाइप केलेले, स्वर गाळलेले. देवनागरीत फक्त तीन सापडतात. एक केतकीचे आजोबा गेले तेव्हाचा. एक फ्लॅट सोडून जाते म्हणाली त्या रात्रीचा. तिसरा हा. आणि त्या आधीच्या दोन्हींतही पूर्णविराम आहेत.

“म्हणजे रागाचं नाहीये,” स्नेहल म्हणते. “ती नीट लिहायचं ठरवते तेव्हा असं लिहिते.”

तासाभरातला हा पहिला निष्कर्ष, ज्याच्यामागे गौरीकडून आलेला पुरावा आहे. त्यातून विषय कळत नाही, वजन कळतं. गोष्ट गौरीसाठी मोठी आहे आणि तिने ती जपून उचललीये, एवढं आता म्हणता येतं. माझ्या मते फ्लॅटमेटने फ्लॅटमेटला करायची मदत ही एवढीच, आणि ती छोटी नाही. एकट्या केतकीने वर सरकून पाहिलं असतं तरी पूर्णविरामांत तिला रागच दिसला असता.

इथे चर्चा थांबायला हरकत नव्हती. ती थांबत नाही, त्यालाही कारण आहे. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आर्ची डी बर्कर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर एक प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावर दगड, काहींखाली साप. साप निघाला की हाताला वेदनादायक विजेचा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता कळत जायचं आणि बदलतही जायचं. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं की सगळ्यात जास्त ताण झटका नक्की बसणार असतो तेव्हा येत नाही. बसेल की नाही हे अर्धंअर्धं असतं तेव्हा येतो. केतकी बरोबर त्या मधल्या जागी आहे. ‘ती रागावलीये’ असं ठरवून टाकलं तरी तिला सध्यापेक्षा बरं वाटेल, आणि म्हणूनच अशा चर्चा वाईट निष्कर्षाकडे घसरतात. वाईट का होईना, काहीतरी ठरल्याचा विसावा मिळतो.

दोघी मिळून घसरल्या की वेग वाढतो. मिसुरी विद्यापीठाच्या अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीतली एक सवय मांडली: एकच अडचण दोघांनी पुन्हा पुन्हा उगाळणं, कारणांचे तर्क लढवणं, वाईट वाटण्यावरच रेंगाळणं. अशी जोडी एकमेकांच्या जास्त जवळ असते असं दिसलं, आणि त्यांच्यात चिंता व उदासीही जास्त दिसली. रोझ आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा मुलींमध्ये या सवयीनंतर मैत्री घट्ट झाल्याचं आणि त्याबरोबर चिंता वाढल्याचंही आढळलं. तो अभ्यास शाळकरी वयाचा आहे, नोकरी करणाऱ्या बायकांवर जसाच्या तसा लावू नये. पण चर्चा उगाळण्याकडे वळल्याची खूण त्यातून नेमकी मिळते: नवी माहिती न येता जुना अंदाज परत येतो आणि या वेळी जास्त खात्रीने येतो. “मला वाटतं वाढदिवसाचंच,” असं स्नेहल सव्वाअकराला पुन्हा म्हणाली, तर मधल्या वेळेत पुरावा काहीच वाढलेला नसतो. वाढलेली असते ती पुनरुक्ती.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: स्वतःला तिच्या जागी ठेवून बघ. ऐकायला सुज्ञ वाटतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि एपली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांत हाच सल्ला तपासला. चेहऱ्यावरचा भाव, खोटं बोलणं, जोडीदाराची आवडनिवड असं बरंच काही ओळखायला दिलं. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून बघणाऱ्यांचे अंदाज जास्त अचूक निघाले नाहीत. उलट काही ठिकाणी अचूकता थोडी घटली. अचूकता वाढली ती ज्यांना समोरच्याशी त्या विषयावर आधी बोलू दिलं त्यांची. केतकीने गौरीच्या जागी स्वतःला ठेवलं की तिथे केतकीच जाऊन बसते, वाढदिवसाची बोचणी बरोबर घेऊन.

म्हणून उत्तर लिहायचं. त्यातही पहिल्या झटक्यात सुचणारी उत्तरं बहुतेक चुकीच्या जागी बसतात. ‘काय झालं??’ हे काळजीपोटी असलं तरी गौरीला आत्ताच्या आत्ता, टाइप करून सगळं सांगायला लावतं, आणि तेच तर तिला नको होतं. ‘माझं काही चुकलं का?’ याने बोलण्याचा विषयच केतकी होऊन बसते. गौरीला आपली गोष्ट बाजूला ठेवून आधी हिची समजूत काढावी लागते. ‘हो नक्की!’ हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. त्याने गौरीच्या ओळीला निरोपाच्या ‘भेटू कधीतरी’सारखं वागवलं जातं, आणि पुन्हा विषय काढायचं ओझं तिच्यावरच पडतं.

केतकीने लिहिलं:

“हो, बोलूया ना. आज साडेअकरापर्यंत जागी आहे, नाहीतर उद्या रात्री नऊनंतर निवांत. कॉल करू का? घाईचं आहे का तेवढं सांग.”

यात तीन गोष्टी आहेत. ‘बोलूया ना’ने वाट मोकळी झाली. ‘कधीतरी’ला दोन ठरावीक वेळा मिळाल्या, म्हणजे गौरीला आता नुसतं निवडायचंय. आणि विषय न विचारता घाई विचारली. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. विषय सांगायला गौरी तयार नसेल; घाई आहे की नाही हे एका शब्दात सांगता येतं, आणि केतकीची रात्र त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

सात मिनिटांनी उत्तर आलं: “घाई नाही गं. उद्या नऊला. तुझ्यावर रागबिग नाहीये, घाबरू नकोस.”

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर कळलं ते असं. गौरीला एक स्थळ आलं होतं आणि मुलगा केतकीचा आत्तेभाऊ निघाला होता. घरच्यांना होकार-नकार कळवण्याआधी तिला केतकीकडून त्याच्याबद्दल खरंखुरं ऐकायचं होतं, आणि नकार द्यावासा वाटला तर केतकीला वाईट वाटणार नाही ना हेही पाहायचं होतं. हे लिहून पाठवण्यासारखं नव्हतं. लिहिलेलं कुणीही वाचू शकतं, फॉरवर्ड होऊ शकतं, आणि आत्तेपर्यंत पोहोचलं तर दोन घरांत अवघडलेपण. ‘कधीतरी’ हा शब्द गौरीने केतकीला टाळता यावं म्हणून ठेवला होता, ‘हवं’ हा आपल्याला टाळता येत नाही म्हणून. मेसेज ग्रुपवर न येण्याचंही कारण तेच. “स्नेहलला एवढ्यात सांगू नकोस,” असं ती म्हणाली तेव्हा केतकीला सांगावं लागलं की मेसेज स्नेहलने वाचलाय, पण विषय तिला माहीत नाही. एकटीला आलेली ओळ दुसरीला दाखवताना पाठवणारीने ती एकटीलाच का पाठवली असेल, एवढा एक अंदाज दाखवण्याच्या आधी करायला हरकत नव्हती.

पाठवणाऱ्याच्या बाजूने यात सुधारायचं फार थोडं आहे. विषय उघड करायचा नसेल तरी वजन आणि रोख सांगता येतात: ‘एका गोष्टीवर तुझं मत हवंय, वाईट काही नाही, या आठवड्यात कॉल करूया का?’ एवढ्याने गुपित फुटत नाही. अधिकाराचं अंतर असेल तिथे तर हे टाळूच नये. वरिष्ठाने शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी बोलू’ एवढंच लिहिलं, तर हाताखालच्या माणसाला ‘घाईचं आहे का’ असं परत विचारायची केतकीइतकी मोकळीक नसते आणि मधले दोन दिवस तो त्या अर्ध्याअर्ध्या शक्यतेत काढतो.

राहता राहिली एक अवघड शक्यता. केतकीच्या उत्तरावर गौरी म्हणाली असती, “असंच गं, काही विशेष नाही,” तर? तयारीचं वाक्य मागे घेता येतं. ती सोय त्याच्यात मुद्दाम ठेवलेली असते. मागे घेण्याची कारणंही अनेक: उत्तराला उशीर झाला, धीर गेला, कुणी खोलीत आलं, किंवा प्रश्न खरंच सुटला. कोणतं, हे या ओळीवरूनही कळणार नाही. अशा वेळी आणखी एकदाच, विषयाला हात न लावता, वाट उघडी ठेवावी. “बरं. शनिवारी सकाळी तसाही फोन करणार होते तुला,” असं लिहावं आणि शनिवारी सकाळी खरंच फोन करावा. फोनवर तिने नाशिकच्या द्राक्षांपासून सुरुवात केली तर द्राक्षांवर बोलावं. मुख्य गोष्ट येणार असेल तर ती बहुतेक फोन ठेवायच्या थोडं आधी येते, म्हणून फोन लवकर ठेवू नये.